मायच्या जुन्या फोटोवरून श्रद्धांजलीचे चित्र: त्वचा खरी ठेवणारा प्रॉम्प्ट कसा लिहावा

मायच्या पहिल्या पुण्यस्मरणाला दीड महिना उरला होता आणि फ्रेमसाठी चांगला फोटो सापडत नव्हता. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी ट्रंकेतून निघाला तो 1996 सालच्या एका लग्नातला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. त्यात माय मांडवात पाच बायकांच्या मधोमध बसलेली आहे, डोक्यावर इरकल लुगड्याचा पदर आहे आणि तिचा चेहरा जेमतेम दीड सेंटीमीटरचा आहे. तो फोटो मी मोबाईलवर टिपला, फोटो जोडून मजकूर लिहिता येतो अशा एका एआय साधनात टाकला आणि खाली प्रॉम्प्ट, म्हणजे साधनाला द्यायची लेखी सूचना, लिहिली, ‘माझ्या आईचा हा जुना फोटो सुंदर, स्वच्छ आणि एचडी करा.’ अर्ध्या मिनिटात चित्र आले. थोरल्या बहिणीने फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “मायवानी दिसायली, पण माय नाही ही.”

तिचे म्हणणे खरे होते. त्या चित्रातली बाई पंचेचाळिशीची आणि गोरी होती, तिचे गाल मेणासारखे गुळगुळीत होते आणि मायच्या हनुवटीवरचे गोंदण डाग समजून पुसले गेले होते. पुढच्या आठवडाभरात चुकत-माकत जी रीत हाती आली, ती प्रथमच असे चित्र करू पाहणाऱ्यांसाठी येथे सविस्तर लिहितो.

आधी चूक कोठे होते ते समजून घ्यावे, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. ही साधने जुना फोटो धुऊन-पुसून लख्ख करत नाहीत, तर तो पाहून चेहरा नव्याने रंगवतात. फोटोत जेथे तपशील कमी असतो तेथे ती आजवर पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांच्या आधाराने भर घालतात, आणि त्या चेहऱ्यांमध्ये टवटवीत केलेले, उजळवलेले चेहरे फार असतात. चेहरा जितका लहान आणि पुसट, तितकी भर जास्त. त्यात आपण ‘सुंदर’, ‘तेजस्वी’, ‘आकर्षक’, ‘निर्दोष’, ‘एचडी’ असे शब्द लिहिले की साधन सरळ मासिकाच्या मुखपृष्ठाकडे वळते. म्हणून आपल्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक म्हणजे साधनाला मूळ चेहऱ्याचा शक्य तितका तपशील पुरवायचा आणि दुसरी म्हणजे उरलेली भर कशी घालायची ते नेमक्या शब्दांत सांगायचे.

मूळ फोटोची नक्कल

शक्य असल्यास फोटो स्कॅनरवर घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानात बहुधा 200 किंवा 300 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला तितके ठिपके टिपून, स्कॅन करून देतात, तेवढ्यावर समाधान मानू नये. मायचा चेहरा दीड सेंटीमीटरचा होता. 300 डीपीआयवर तो सुमारे 180 पिक्सेल भरला असता, तर 1200 डीपीआयवर सुमारे 700 पिक्सेल भरला, आणि डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा त्या दुसऱ्या स्कॅनमध्येच दिसू लागल्या. फोटोत नसलेला तपशील स्कॅनर निर्माण करत नाही हे खरे, पण आहे तो तरी हातचा जात नाही. पासपोर्ट आकाराच्या फोटोलाही हाच आकडा सांगावा. आपण फ्रेमसाठी मागतो तसा मोठा पूर्ण फोटो असेल, तर 600 पुरेसा होतो.

स्कॅनर नसेल तर फोटो काचेतून बाहेर काढून दुपारी ओसरीच्या सावलीत सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाईल थोडा उंच धरून दुप्पट झूमने टिपावा, कारण फार जवळून टिपल्यास फोटोच्या कडा वाकड्या येतात आणि मोबाईलची सावली फोटोवर पडते. नक्कल दुसऱ्याला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि सुरकुत्यांचा बारीक तपशील सर्वांत आधी जातो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातील ब्यूटी मोड बंद असल्याची खात्री करावी. माझी पहिली नक्कल तेथेच बिघडली होती.

दोन प्रकारच्या जुन्या फोटोंबाबत विशेष जपावे लागते. काही प्रिंट दाणेदार किंवा जाळीदार पोताच्या कागदावर असतात आणि तो पोत स्कॅनमध्ये चेहऱ्यावर उतरतो. साधनाला ती त्वचाच वाटते आणि चित्रातली माणसे देवीचे वण असल्यासारखी दिसतात. अशा वेळी ‘चेहऱ्यावरील जाळी कागदाची आहे, त्वचेची नाही’ असे प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहावे. दुसरा प्रकार जुन्या स्टुडिओतील कृष्णधवल फोटोंचा. त्या काळी छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या मऊ करत असत, त्यामुळे फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यात खरी त्वचा नसते. तसा फोटो चेहऱ्याच्या ठेवणीसाठी घ्यावा आणि त्वचेसाठी त्याच वयातला एखादा साधा, उन्हात काढलेला फोटो सोबत जोडून ‘चेहऱ्याची ठेवण पहिल्या फोटोप्रमाणे, त्वचेचा पोत दुसऱ्या फोटोप्रमाणे’ असे सांगावे.

समूहातला फोटो असेल तर साधनात टाकण्यापूर्वी आपल्या माणसापुरता कापून घ्यावा. बाजूला बसलेल्या हयात बायकांचे चेहरे त्यांना न विचारता कोठेही चढवू नयेत.

चेहऱ्याची नोंद

प्रॉम्प्ट लिहिण्यापूर्वी वही घेऊन बसावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या अनुभवात निम्मे काम याच पायरीत होते. स्कॅन मोठा करून कपाळापासून गळ्यापर्यंत जे दिसते ते लिहावे, आणि जे फोटोत दिसत नाही पण घरच्यांना आठवते ते वेगळ्या रकान्यात लिहावे. मी आणि बहिणीने मिळून केलेली नोंद अशी होती: रंग गव्हाळ-सावळा, उन्हाने रापलेला, पदराखालचा कपाळाचा भाग गालांपेक्षा थोडा उजळ, दोन भुवयांच्या मध्ये उभी आठी, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, डाव्या बाजूला जास्त, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल घडी, गालाच्या हाडावर दोन फिकट तपकिरी डाग, हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवट ठिपका आणि कपाळावर कुंकवाखाली गोंदणाची छोटी रेघ, गळ्याची कातडी सैल, ओठ मिटलेले, हसू नाही, पण डोळे मवाळ.

या नोंदीत गोंदण का महत्त्वाचे, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असे, आणि साधन त्याकडे धूळ किंवा फोटोवरचा डाग म्हणूनच पाहते. ते जागेसह आणि रंगासह लिहिले तरच टिकते. वडिलांचे चित्र असेल तर हीच गोष्ट तुळशीच्या माळेची, कपाळावरच्या बुक्क्याची, दाढीच्या पांढऱ्या खुंटांची आणि टोपीमुळे कपाळावर पडलेल्या उजळ पट्ट्याची.

कुंकवाबद्दल आमच्याकडे थोडी चर्चा झाली. फोटोतील काळात दादा, म्हणजे आमचे वडील, हयात होते आणि मायच्या कपाळावर कुंकू होते, तिच्या शेवटच्या अठरा वर्षांत ते कुंकू नव्हते. आम्ही फोटोतला काळच ठेवायचा असे ठरवले. कोणी वेगळे ठरवू शकेल, पण हा निर्णय भावंडांनी बसून घ्यावा, साधनावर सोडू नये. न सांगितल्यास ते कुंकवाच्या जागी चमकदार टिकली लावते, गळ्यात नसलेले दागिने घालते आणि इरकल लुगड्याची झगझगीत रेशमी साडी करते.

पहिला प्रॉम्प्ट फक्त दुरुस्तीचा

एकाच प्रॉम्प्टमध्ये फोटो दुरुस्त करून घेणे, पार्श्वभूमी बदलणे आणि उजेड घालणे हे सगळे मागू नये. एका वेळी जितके बदल जास्त, तितका चेहरा मूळपासून दूर सरकतो. पहिल्या फेरीत मी एवढेच मागितले:

“जोडलेला फोटो माझ्या दिवंगत आईचा आहे. फोटोवरील ओरखडे, घडीची रेघ आणि लालसर झाक काढा. चेहऱ्याची ठेवण, वय, डोळ्यांची दिशा आणि मिटलेले ओठ जसेच्या तसे ठेवा. त्वचा साठीतल्या, शेतात राबलेल्या स्त्रीची आहे: गव्हाळ-सावळा रंग, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, नाकापासून ओठांपर्यंत खोल घडी, गालाच्या हाडावर दोन फिकट तपकिरी डाग, गळ्याची सैल कातडी. हनुवटीवरील हिरवट ठिपका आणि कपाळावरील छोटी रेघ हे गोंदण आहे, ते तसेच राहू द्या. पार्श्वभूमी बदलू नका.”

यात ‘त्वचा गुळगुळीत करू नका’ असे वाक्य नाही, हे लक्षात घ्यावे. नकारात्मक सूचना काही साधने पाळतात आणि काही त्यातला ‘गुळगुळीत’ हा शब्दच उचलतात. काय नको हे सांगण्यापेक्षा काय आहे हे सांगणे अधिक भरवशाचे ठरते. लालसर झाकेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधील रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. ट्रंकेत राहिलेला फोटो बहुधा तांबूस पडतो आणि ती झाक तशीच राहिली तर साधन तिलाच त्वचेचा रंग मानते. खरा रंग ठरवण्यासाठी फोटोतली एखादी पांढरी वस्तू पाहावी. फोटो कापण्यापूर्वी मी त्यातल्या एका आजोबांचे धोतर पाहून ठेवले होते. ते धोतर पांढरे दिसेपर्यंत झाक काढली की चेहऱ्याचा रंगही ठिकाणावर येतो.

उलट दिशेनेही घसरण होते. दुसऱ्या प्रयत्नात मी ‘खोल सुरकुत्या, त्वचेची स्पष्ट छिद्रे, अतिशय खरखरीत पोत’ असे लिहिले, तेव्हा माय ऐंशीची दिसू लागली आणि गाल भेगाळलेल्या काळ्या मातीसारखे झाले. ‘अतिशय’, ‘खूप’, ‘स्पष्ट’ ही विशेषणे काढून जागा आणि प्रमाण सांगितले की पोत बेताचा येतो. साध्या अंतरावरून पाहताना माणसाच्या त्वचेची छिद्रे आपल्याला एकेक दिसत नाहीत. दिसतो तो रंगाचा किंचित असमानपणा, कपाळावर आणि नाकाच्या दांड्यावर थोडी चमक आणि डोळ्यांखाली हलकी सावली.

दुसरा प्रॉम्प्ट, ऊब आणि आदर

दुरुस्त चित्र बहिणीने मान्य केल्यावरच पुढे गेलो. आता पार्श्वभूमी आणि उजेड. येथे नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे ‘उबदार रंगसंगती’ असे लिहिणे. साधन ती संगती चेहऱ्यासह सगळ्या चित्रावर ओतते आणि माणूस नारिंगी दिसतो. ऊब उजेडातून यावी, कातडीच्या रंगातून नव्हे. त्यासाठी उजेड कोठून येतो, कोणत्या वेळेचा आहे आणि चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला किती लागतो हे सांगावे लागते. उजेड एका बाजूने आला की सुरकुत्यांना हलकी सावली मिळते आणि त्वचा आपोआप खरी वाटते. समोरून सपाट उजेड पडला तर चांगला पोतही पुसला जातो.

“हाच चेहरा, हीच त्वचा आणि हेच वय कायम ठेवून फक्त पार्श्वभूमी आणि उजेड बदला. सकाळी आठच्या सुमारास माळवदाच्या घराची ओसरी, मागे शेणाने सारवलेली मातीची भिंत आणि लाकडी खांब, दोन्ही किंचित धूसर. उजेड डावीकडून, मऊ. डाव्या गालावर आणि पदराच्या काठावर हलका सोनेरी, उजव्या बाजूला सौम्य सावली. त्वचेचा मूळ गव्हाळ-सावळा रंग बदलू नये. डोक्यावर सुती इरकल लुगड्याचा पदर, कपाळावर साधे गोल कुंकू. छातीपर्यंतचे चित्र, नजर समोर. साध्या कॅमेऱ्याने घरी काढलेल्या फोटोसारखे दिसावे.”

शेवटचे वाक्य लहान आहे, पण त्याने फरक पडतो. ‘व्यावसायिक पोर्ट्रेट’ किंवा ‘सिनेमॅटिक’ म्हटले की त्याबरोबर मेकअप आणि चकचकीतपणा येतो. ‘घरी काढलेला फोटो’ म्हटले की त्वचेला तिच्या जागी राहू दिले जाते. माळवद या शब्दावर एका साधनाने कौलारू घर काढले, तेव्हा ‘मातीचे सपाट छप्पर असलेले घर’ असे सोपे करून लिहिले आणि काम झाले. स्थानिक शब्द चुकला तर त्याचे वर्णन लिहावे.

आदराचा भाग मुख्यतः काय टाळावे याचा आहे. ढग, पायऱ्या, डोक्यामागे प्रभावळ, शेजारी विठ्ठल अशी भर साधने मागितल्यास लगेच घालतात. मला ती मायच्या बाबतीत खोटी वाटली, कारण ती आयुष्यभर ओसरीवर बसून ज्वारी निवडणारी बाई होती. चेहऱ्यावर नसलेले हसू मागू नये. ओठ उघडले की साधन दात स्वतःच्या मनाने बसवते आणि ओळख तेथेच तुटते. तिला बोलती, हलती करण्याचा मोह अनेकांना होतो. तो विषय वेगळा आहे आणि घरात सर्वांची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

तपासणी

चित्र आले की ते आणि मूळ स्कॅन शेजारी-शेजारी, सारख्याच आकाराचे करून पाहावेत. प्रथम डोळ्यांमधील अंतर, नाकाची रुंदी आणि वरच्या ओठाची जाडी पाहावी, कारण चेहरा सरकला असेल तर तो येथे उघड होतो. मग चित्र पूर्ण आकारात उघडून कपाळ, गाल आणि गळा यांचा पोत सारखाच आहे का ते पाहावे. चेहरा गुळगुळीत आणि गळा सुरकुतलेला, किंवा चेहरा सावळा आणि हात गोरे, असे वारंवार होते. दोन्ही गालांवर आरशात पाहिल्यासारख्या एकसारख्या सुरकुत्या असतील तर त्या साधनाच्या आहेत, माणसाच्या नाहीत. शेवटी नोंदीची वही घेऊन एकेक खूण टिकली का ते पाहावे.

चूक एका ठिकाणी असेल तर पूर्ण प्रॉम्प्ट नव्याने लिहू नये. ‘फक्त हनुवटीवरील गोंदणाचा ठिपका मूळ फोटोतील जागी परत आणा, बाकी काही बदलू नका’ एवढेच सांगावे आणि मूळ फोटो पुन्हा जोडावा. चित्रावर चित्र करत सहा-सात फेऱ्या झाल्या की प्रत्येक फेरीत थोडा तपशील गळतो आणि चेहरा हळूहळू परका होतो. तसे जाणवल्यास मान्य झालेल्या दुरुस्त चित्रापासून पुन्हा सुरुवात करावी. आमचे चौथ्या फेरीत जमले. ज्याने मायला रोज पाहिले आहे अशा माणसाला, काहीही न सांगता, चित्र दाखवावे. “कोणाचा फोटो?” असे विचारावे लागले नाही, तर ते चित्र चालेल. माझ्या चुलतीने मायचे नाव घेतले आणि पुढे “हा कधी काढला व?” असे विचारले. तेव्हा तिला हे चित्र मशीनने केलेले आहे, तो फोटो नव्हे, हे लगेच सांगितले.

मूळ फोटो अगदीच पुसट असेल, चेहरा 200 पिक्सेलांहून लहान असेल आणि दुसरा फोटो नसेल, तर कोणताही प्रॉम्प्ट खरा चेहरा देणार नाही. तेव्हा फक्त ओरखडे काढून मूळ फोटोच लहान आकारात, रुंद मोकळ्या कडेसह फ्रेम करावा. ती फ्रेम अनोळखी चेहऱ्यापेक्षा कितीतरी बरी.

अक्षरे आणि छपाई

नाव, तारखा आणि ‘प्रथम पुण्यस्मरण’ हे शब्द साधनाकडून लिहून घेऊ नयेत. ‘ण्य’, ‘स्म’, ‘श्र’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरे त्यात बऱ्याचदा फुटतात, आणि श्रद्धांजलीच्या चित्रात मायचे नाव चुकणे फार लागते. प्रॉम्प्टमध्ये ‘खालचा एक षष्ठांश भाग साधा आणि मोकळा ठेवा’ असे सांगून अक्षरे नंतर फोटो-संपादनाच्या ॲपमध्ये टाकावीत. हारही चित्रात घालू नये. खरा झेंडूचा किंवा शेवंतीचा हार फ्रेमला घालायचाच असतो.

12 बाय 18 इंचांच्या फ्रेमसाठी चित्र किमान 2400 बाय 3600 पिक्सेलांचे असावे. साधनाकडून मिळणारे चित्र बहुधा याहून लहान असते आणि ते मोठे करणाऱ्या ॲपमध्ये चेहरा सुधारण्याचा पर्याय आधीपासून चालू असतो. तो बंद करावा, नाहीतर आतापर्यंतची मेहनत तेथे धुऊन जाते. कीर्तनाच्या मंडपासाठी फ्लेक्स करायचा असेल तर दुकानदाराला फाइल देताना स्पष्ट सांगावे की चेहरा उजळ किंवा गुळगुळीत करायचा नाही. सवयीने ते सगळ्याच चेहऱ्यांना करतात. आम्हाला दुकानात समोर बसून नमुना पाहावा लागला. कागद चकचकीत न घेता मॅट घ्यावा आणि आधी पोस्टकार्ड आकाराची एक चाचणी प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी, कारण मोबाईलच्या पडद्यावर योग्य वाटणारी सावळी त्वचा कागदावर बहुधा एक छटा गडद उतरते. आमच्या चाचणीत तसेच झाले. तेव्हा पूर्ण चित्राचा उजेड किंचित वाढवला, त्वचेच्या रंगाला हात लावला नाही, आणि दुसरी प्रिंट बरोबर आली.

1996 चा मूळ फोटो आम्ही बटर पेपरच्या पाकिटात घालून त्याच फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला लावला आहे. पाकिटावर लग्नाची तारीख, गावाचे नाव आणि ‘समोरचे चित्र या फोटोवरून संगणकाने केले’ हे वाक्य बहिणीने स्वतःच्या अक्षरात लिहिले.